एफडी पाकली आणि आपण काहीच सांगितलं नाही, तर?

मुदत ठेव करायला बँकेत जातो तेव्हा आपण व्याजदर नीट विचारतो, मुदत विचारतो, नॉमिनीचं नाव दोनदा तपासतो. त्याच फॉर्मवर खाली आणखी एक रकाना असतो, मुदत संपल्यावर पैशांचं काय करायचं. बहुतेक वेळा तिथे समोरचा कर्मचारी स्वतःच खूण करतो आणि आपण सही करतो. दोन-तीन वर्षांनी ठेव पाकते, तेव्हा त्या एका खुणेवर सगळं ठरतं: पैसे खात्यात येणार, पुन्हा तेवढ्याच मुदतीसाठी अडकणार, की बचत खात्याच्या दराने नुसते पडून राहणार.

मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसून नोकरी केली आहे. पाकलेल्या ठेवीवरून होणारे वाद जवळजवळ सगळे याच रकान्यापाशी येऊन थांबतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून ज्यांनी नुकतीच पहिली एफडी केली आहे किंवा आईवडिलांच्या ठेवींचं बघायला नुकतीच सुरुवात केली आहे, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितो आहे. उदाहरण वडोदऱ्यातलं घेतलं आहे. नियम रिझर्व्ह बँकेचे आहेत, ते देशभर सारखेच.

आधी पावती काढा

कपाटातून एफडीची पावती काढा. ऑनलाइन केलेली असेल तर बँकेच्या ॲपमधून किंवा नेट बँकिंगमधून पावती उतरवून घ्या. तिच्यावर चार गोष्टी शोधायच्या आहेत. मुदत संपण्याची तारीख, त्या दिवशी मिळणारी रक्कम, ठेव कोणाच्या नावावर आणि कोणत्या पद्धतीने चालते ते, आणि मुदतीनंतरची सूचना. वडोदऱ्यात सहकारी बँकांचे फॉर्म बऱ्याचदा गुजरातीत असतात. तिथे तारखेच्या रकान्यात ‘पाकती तारीख’ असं दिसेल, तीच ही.

चौथी गोष्ट पुष्कळदा पावतीवर छापलेलीच नसते. असली तरी एखाद्या कोपऱ्यात ‘ऑटो रिन्यूअल: येस’ एवढंच लिहिलेलं असतं. ती सापडली नाही तर शाखेत जाऊन नेमका हा प्रश्न विचारा: ‘या ठेवीवर मॅच्युरिटी इन्स्ट्रक्शन काय घातली आहे?’ कर्मचाऱ्याला ती स्क्रीनवर लगेच दिसते. ‘एफडीचं काय होईल?’ असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच मिळतं.

सूचना साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात मुद्दल आणि व्याज दोन्ही मिळून पुन्हा तेवढ्याच मुदतीसाठी ठेवले जातात. दुसऱ्यात फक्त मुद्दल पुन्हा ठेवलं जातं आणि व्याज बचत खात्यात येतं. तिसऱ्यात सगळी रक्कम बचत खात्यात येते आणि ठेव बंद होते. दरमहा किंवा दर तिमाहीला व्याज घेत असाल तर पहिल्या दोन प्रकारांत फारसा फरक उरत नाही, कारण व्याज आधीच हातात आलेलं असतं.

काहीच सूचना नसेल तर

इथे दोन वाटा फुटतात. कोणती वाट लागू होईल ते बँकेच्या स्वतःच्या धोरणावर आणि तुम्ही सही केलेल्या फॉर्मवरच्या अटींवर अवलंबून असतं.

पहिली वाट आपोआप नूतनीकरणाची. अनेक बँकांच्या अटींत लिहिलेलं असतं की ग्राहकाने वेगळं काही कळवलं नाही तर ठेव तेवढ्याच मुदतीसाठी पुन्हा ठेवली जाईल. दर मात्र जुना राहत नाही. ज्या दिवशी ठेव पाकली त्या दिवशी त्या मुदतीला बँकेचा जो दर चालू असेल तो लागतो. दर वाढलेले असतील तर आपला फायदा, उतरले असतील तर तोटा. 2025 सालात रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांपर्यंत खाली आणला आणि त्यामागोमाग बँकांनी ठेवींचे दरही उतरवले. त्यामुळे 2023 किंवा 2024 मध्ये चांगल्या दराने केलेल्या ठेवी पाकल्यावर कमी दराने पुढे सरकल्या आणि पुष्कळांना ते नवी पावती पाहिल्यावरच कळलं. 400 किंवा 444 दिवसांसारख्या खास योजनेतली ठेव असेल तर जास्तच लक्ष ठेवा. योजना तोवर बंद झालेली असली तर नूतनीकरणाला त्या खास दराऐवजी नेहमीच्या तक्त्यातला दर लागतो.

दुसरी वाट म्हणजे ठेव पाकते आणि तशीच पडून राहते. बँकेच्या भाषेत ती ‘ओव्हरड्यू’ होते. मुदत ठेवीचं व्याज पाकण्याच्या तारखेला थांबतं. त्यानंतरच्या दिवसांसाठी रिझर्व्ह बँकेने जुलै 2021 मध्ये नियम घालून दिला: बचत खात्याचा दर आणि त्या ठेवीचा ठरलेला दर, यांतला जो कमी असेल तो. ठेवीचा दर सहसा बचत खात्यापेक्षा जास्तच असतो, म्हणून व्यवहारात बचत खात्याचाच दर मिळतो. व्यापारी बँका, स्मॉल फायनान्स बँका आणि नागरी सहकारी बँका या सगळ्यांना हा नियम लागू आहे. क्रेडिट सोसायटी मात्र रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही. तिथे तिचे स्वतःचे नियम वाचावे लागतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. दोन्हींतल्या कोणत्याही वाटेने गेलात तरी पाकण्याच्या तारखेपर्यंतचं व्याज बुडत नाही. ते तुमच्या नावावर जमा झालेलंच असतं. प्रश्न फक्त त्या तारखेनंतरच्या दिवसांचा असतो.

दांडियाबाजारातलं एक उदाहरण

आकडे हातात घेतल्याशिवाय हा फरक उमगत नाही, म्हणून एक प्रसंग मांडतो. यातले दर केवळ उदाहरणापुरते आहेत. तुमच्या बँकेचा तक्ता वेगळा असेल.

समजा, दांडियाबाजारात जुन्या घरात राहणारे एक काका-काकू आहेत. त्यांनी दोघांच्या नावावर 3,00,000 रुपयांची दोन वर्षांची ठेव केली, दर 7 टक्के, व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळत जाणारं. दोन वर्षांनी, 12 मे रोजी, ठेव पाकली तेव्हा रक्कम झाली साधारण 3,44,665 रुपये. ते दिवस घरच्या लग्नाचे होते, बँकेचा एसएमएस आला पण कोणी पाहिला नाही. पावसाळ्यात माडी गळायला लागली आणि दुरुस्तीसाठी 20 ऑगस्टला काकू पैसे काढायला शाखेत गेल्या. मधे 100 दिवस गेले होते.

बँक दुसऱ्या वाटेची असेल, म्हणजे ठेव नुसती पडून असेल आणि बचत खात्याचा दर अडीच टक्के असेल, तर त्या 100 दिवसांचं व्याज होतं सुमारे 2,361 रुपये. काकूंना 3,47,026 रुपये त्याच दिवशी मिळतात. त्यात कापाकापी काही नाही.

बँक पहिल्या वाटेची असेल तर ठेव 12 मेलाच पुन्हा दोन वर्षांसाठी गेली आहे, समजा सव्वासहा टक्क्यांनी. ती आता मोडावी लागेल. इथे पुष्कळ जण चुकून धरून चालतात की 100 दिवसांचं व्याज सव्वासहा टक्क्यांनी मिळेल. मुदतीआधी ठेव मोडली की ठरलेला दर बाजूला राहतो आणि जितके दिवस पैसे प्रत्यक्ष बँकेत राहिले तितक्या दिवसांच्या ठेवीला जो दर असतो तो लागतो. 100 दिवसांसाठी बँकेचा दर 5 टक्के असेल आणि मुदतपूर्व मोडल्याबद्दल बँक एक टक्का कमी करत असेल, तर हाती उरतो 4 टक्के. व्याज होतं सुमारे 3,777 रुपये. म्हणजे नूतनीकरण होऊनही, दंड देऊनही, पडून राहण्यापेक्षा 1,416 रुपये जास्तच मिळाले.

काकू 100 दिवसांऐवजी वर्षभर गेल्या नसत्या तर हा फरक आणखी मोठा झाला असता. एक वर्षाचा दर सव्वासहा धरून त्यातून एक टक्का वजा केला तरी सव्वापाच राहतात, समोर बचत खात्याचे अडीच. एवढ्या रकमेवर वर्षाला साडेनऊ ते दहा हजार रुपयांचा फरक पडतो. त्यामुळे आपोआप नूतनीकरण म्हणजे बँकेची चलाखी, असं मला वाटत नाही. विसरभोळ्या ठेवीदाराला ते सांभाळूनच घेतं. व्याजापेक्षा मोठी अडचण वेगळ्या ठिकाणी येते, आणि काउंटरवर नेमकी तिथे माणसं हतबल झालेली मी पाहिली आहेत.

दुसऱ्या सहीची अडचण

काकांनी आणि काकूंनी ठेव ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने ठेवली होती. इंग्रजी फॉर्मवर याला ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणतात. तिचा अर्थ सगळे असाच घेतात की दोघांतल्या एकाची सही पुरेल. मुदत पूर्ण झालेल्या ठेवीसाठी ते बरोबर आहे, रिझर्व्ह बँकेने तसं स्पष्ट केलेलं आहे. पण मुदतीआधी ठेव मोडायची असेल तर बँक दोघांच्याही सह्या मागू शकते.

आता काकूंची गोष्ट पुन्हा बघा. 12 मेला त्या एकट्या गेल्या असत्या तर एका सहीवर पैसे मिळाले असते. 20 ऑगस्टपर्यंत ठेव नव्याने दोन वर्षांसाठी गेली होती, म्हणून आता ती मुदतपूर्व मोडणं ठरलं आणि काकांची सहीही लागली. काका त्या वेळी पुण्याला मुलीकडे. मग फॉर्म कुरियरने पाठवा, सही करून परत मागवा, सही जुळली नाही तर पुन्हा पाठवा. पैसे त्यांचे स्वतःचे, पडलेले वडोदऱ्यातच, तरी दुरुस्तीवाला कारागीर आठवडाभर थांबून राहतो.

याहून अवघड वेळ येते ती दोघांपैकी एक जण गेल्यावर. ठेव पाकली की हयात असलेल्याला पैसे मिळतात. पण नूतनीकरण होऊन नवी मुदत चालू असेल आणि ती मोडायची असेल, तर आधी काही लिहून दिलेलं नसल्यास बँक गेलेल्या व्यक्तीच्या कायदेशीर वारसांची संमती मागू शकते. पतीच्या निधनानंतर दोन महिन्यांत पैशांची गरज असलेल्या बाईला परदेशातल्या मुलाची संमती आणायला सांगावं लागणं, हे सांगणाऱ्यालाही जड जातं.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. दोन्ही ठेवीदारांनी मिळून बँकेला लिहून द्यायचं की दोघांतल्या कोणालाही ही ठेव मुदतीआधी मोडता येईल आणि एकाचं निधन झालं तर हयात असलेल्याला मोडता येईल. असं पत्र ठेव करतानाही देता येतं, नंतर कधीही देता येतं. बहुतेक बँकांकडे त्याचा छापील मजकूर असतो, पण विचारल्याशिवाय तो पुढे येत नाही. दोघंही हिंडते-फिरते आहेत, दोघांच्याही सह्या ठीक येतात, तोवरच हे करून टाका.

सूचना कशी आणि कधी द्यायची

पाकण्याच्या तारखेआधी दोन-तीन आठवडे हे काम हातात घ्या. बँकांनी मुदत संपण्याची सूचना ग्राहकाला आधी द्यावी असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे आणि एसएमएस येतोही. पण तो जुन्या मोबाइल नंबरवर जात असेल तर उपयोग नाही. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला, त्याने नंबर बदलला, आणि आईच्या ठेवीवर अजून त्याचाच जुना नंबर, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. तेव्हा पहिली खात्री नंबरची करा. त्याशिवाय स्वतःच्या कॅलेंडरवर, पाकण्याच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीच्या चौकटीत ठेवीचा शेवटचा चार आकडी क्रमांक लिहून ठेवा. दिनदर्शिकेवर दुधाचा हिशोब लिहिणाऱ्या घरात हे सहज जमतं.

नेट बँकिंग असेल तर ठेवींच्या विभागात जाऊन ती ठेव उघडा. तिथे मुदतीनंतरची सूचना बदलण्याचा पर्याय असतो. तो सहसा पाकण्याच्या आदल्या दिवसापर्यंतच चालतो, काही बँका त्याआधीही बंद करतात. बदल केल्यावर ठेवीचा तपशील पुन्हा उघडून सूचना खरंच बदललेली दिसते का ते बघा आणि त्या पानाचा फोटो ठेवा. दोघांच्या नावावरची ठेव ऑनलाइन बदलता येत नसेल तर शाखेतच जावं लागेल.

शाखेत अर्ज द्यायचा तर तो साधा असतो. इंग्रजी, हिंदी किंवा गुजरातीत लिहा, मजकूर असा:

‘माझी मुदत ठेव क्रमांक अमुक, अमुक तारखेला पूर्ण होत आहे. तिचं नूतनीकरण करू नये. पूर्ण होणारी सगळी रक्कम त्याच तारखेला माझ्या बचत खाते क्रमांक तमुकमध्ये जमा करावी. आधी दिलेली नूतनीकरणाची सूचना रद्द समजावी.’

शेवटचं वाक्य गाळू नका. जुनी सूचना रद्द केली असं लिहिलेलं नसेल तर स्क्रीनवर जुनी खूण तशीच राहू शकते. पुन्हा ठेवायचं असेल तर रक्कम, मुदत आणि व्याज कुठे जावं हे तिन्ही लिहा. अर्जाची दुसरी प्रत घेऊन जा आणि तिच्यावर शिक्का, तारीख व सही मागा. वाद झाला तर नंतर बोलतो तो हा शिक्का. पावती कागदी असेल तर तिच्या मागे सही करून ती परत द्यावी लागेल, म्हणून तिचीही झेरॉक्स आधी काढून ठेवा.

पैसे बचत खात्यात घ्यायचे असतील तर ते खाते चालू स्थितीत आहे ना, हेही बघायला हवं. त्या खात्याची केवायसी राहिली असेल किंवा दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार न झाल्याने ते निष्क्रिय झालं असेल, तर सूचना बरोबर असूनही रक्कम अडकते. ठेव पाकण्याच्या महिन्याआधी एकदा त्या खात्यातून थोडे पैसे काढून किंवा भरून बघितलं की ही शंका मिटते.

तारीख रविवारी, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी किंवा उत्तरायणासारख्या सुट्टीला येत असेल तर घाबरायचं कारण नाही. पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात आणि मधल्या सुट्टीच्या दिवसांचं व्याज ठेवीच्या ठरलेल्या दरानेच द्यायचा नियम आहे.

तारीख उलटून गेली असेल तर

पहिल्यांदा शाखेत विचारा की ठेव पुन्हा गेली आहे की ओव्हरड्यू पडली आहे.

पुन्हा गेली असेल आणि तुम्हाला पैसे नको असतील, फक्त दर पटतो का एवढंच पाहायचं असेल, तर नवी पावती मागा आणि दर, मुदत, नॉमिनी, चालवण्याची पद्धत हे सगळं वाचा. मधल्या काळात वयाची 60 वर्षं पूर्ण झाली असतील तर नव्या पावतीवर ज्येष्ठ नागरिकांचा दर लागला आहे का हेही बघा. जन्मतारीख बँकेच्या नोंदीत चुकलेली असली तर तो आपोआप लागत नाही.

पुन्हा गेलेली ठेव तुम्हाला नकोच असेल तर जितक्या लवकर जाल तितकं बरं. नूतनीकरण होऊन सात दिवससुद्धा झाले नसतील तर नव्या मुदतीचं व्याज मिळत नाही, कारण मुदत ठेवीची किमान मुदतच सात दिवसांची असते. त्यानंतर किती दंड घ्यायचा ते प्रत्येक बँक स्वतः ठरवते. आपोआप झालेल्या नूतनीकरणाच्या पहिल्या काही दिवसांत मोडल्यास काही बँका दंड घेत नाहीत. ही सवलत मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही, म्हणून ‘ऑटो रिन्यूअलला दंड माफ आहे का आणि किती दिवसांपर्यंत?’ असं सरळ विचारा. एक कोटी रुपयांपर्यंतची वैयक्तिक ठेव मुदतीआधी मोडू द्यायला बँक नकार देऊ शकत नाही. कर बचतीची पाच वर्षांची ठेव तेवढी याला अपवाद, ती मुदतीआधी मोडता येत नाही.

ओव्हरड्यू पडली असेल आणि तुम्हाला ती पुढे चालूच ठेवायची असेल तर मागच्या तारखेपासून नूतनीकरण होतं का ते विचारा. पाकल्यानंतर थोड्याच दिवसांत, अनेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत, गेलात तर काही बँका ठेव पाकल्याच्या दिवसापासूनच नवी धरतात. मग मधले दिवस बचत खात्याच्या दरात जात नाहीत. हाही बँकेच्या धोरणाचा भाग आहे, हक्क म्हणून मागता येत नाही. पण विचारणाऱ्याला मिळतो.

तुम्ही वेळेत लेखी सूचना दिली होती आणि तरीही ठेव पुन्हा गेली, तर दंड भरून मोडू नका. शिक्क्याची प्रत दाखवून नूतनीकरण मूळ तारखेपासून रद्द करायला सांगा. शाखेत ऐकलं नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत.

वर्षानुवर्षं कोणीच विचारलं नाही तर

ओव्हरड्यू ठेव दहा वर्षं कोणी मागितली नाही तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा करते. दहा वर्षं मोजली जातात ती ठेव पाकल्याच्या दिवसापासून. पैसे तरीही बुडत नाहीत. ठेवीदार किंवा वारस त्याच बँकेत कागदपत्रं घेऊन गेले तर बँक रक्कम देते आणि नंतर निधीतून परत मिळवते. ही नावं शोधण्यासाठी ऑगस्ट 2023 पासून ‘उद्गम’ नावाचं पोर्टल आहे, udgam.rbi.org.in. मोबाइल नंबरने नोंदणी करून ठेवीदाराचं नाव, बँक आणि पॅन किंवा जन्मतारखेसारखी एखादी ओळख घातली की शोधता येतं. नाव इंग्रजीत वेगवेगळ्या स्पेलिंगने घालून बघा. गुजराती पद्धतीने लिहिलेलं मराठी आडनाव मराठी पद्धतीच्या स्पेलिंगला सापडत नाही, आणि आपल्या इथल्या जुन्या खात्यांत दोन्ही पद्धती आढळतात.

सयाजीरावांच्या काळात, 1908 साली, या शहरात बँक ऑफ बडोदा सुरू झाली. त्यामुळे रावपुरा, मांडवी, दांडियाबाजार भागातल्या अनेक घरांत बँकेशी पिढ्यांचं नातं आहे आणि ट्रंकेत आजोबांच्या पावत्याही आहेत. अशी पावती सापडली आणि उद्गमवर नाव आलं नाही, तर ठेव संपली असं समजू नका. उद्गमवर फक्त दावा न झालेल्या ठेवी दिसतात. जी ठेव आपोआप पुन्हा पुन्हा नूतनीकरण होत गेली, ती बँकेच्या दृष्टीने अजून चालूच असू शकते आणि त्या यादीत येतही नाही. तिचा माग काढायचा तर पावती घेऊन थेट शाखेत जावं लागतं. शाखा हलली किंवा दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेच्या जवळच्या शाखेत जुना क्रमांक द्यावा.

चालू ठेवींचा माग काढायला आयकर खात्याच्या संकेतस्थळाचाही उपयोग होतो. ठेवीदाराच्या पॅनने आत गेल्यावर वार्षिक माहिती विवरण दिसतं, लोक त्याला एआयएस म्हणतात. त्यात कोणत्या बँकेने वर्षभरात किती व्याज दिल्याचं कळवलं ते असतं. आई म्हणते माझी एकच ठेव आहे आणि विवरणात दोन बँकांचं व्याज दिसतं, तर दुसरी ठेव कुठेतरी आपोआप पुढे सरकत आहे. या व्याजावर करही दरवर्षी धरला जातो, ते हातात आलेलं नसलं तरी. एका बँकेतलं वर्षाचं व्याज 50,000 रुपयांच्या, आणि ज्येष्ठांसाठी 1,00,000 रुपयांच्या, वर गेलं की बँक टीडीएस कापते. तो कापू नये म्हणून द्यायचं घोषणापत्र एका आर्थिक वर्षापुरतंच असतं. ठेव आपोआप पुढच्या वर्षात गेली तरी घोषणापत्र जात नाही, ते एप्रिलमध्ये पुन्हा द्यावं लागतं.